‘क्लिअर चॅट’ झाल्यावर १८ दिवसांनी: सोसायटीच्या ग्रुपमधली पुसलेली चर्चा परत कशी जुळवली

व्हॉट्सॲपवरचं संभाषण ‘गेलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा फक्त आपल्या फोनमधली प्रत गेलेली असते. ग्रुपमध्ये सहा माणसं असतील तर त्याच संभाषणाच्या सहा प्रती सहा फोनांत असतात आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतात. ‘परत मिळवणं’ म्हणजे या उरलेल्या प्रतींपैकी कोणती कुठवर पोचते हे शोधून त्यांचे तुकडे जोडणं. हे काम कसं चालतं आणि कुठे अडतं, ते एका प्रकरणातून पाहू. सोसायटी, माणसं आणि तारखा नमुन्यादाखल घेतल्या आहेत. ॲपचं वागणं मात्र प्रत्यक्षात जसं असतं तसंच दिलं आहे.

प्रसंग

ठाण्यातली एक सोसायटी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी १४ जानेवारी २०२५ रोजी ‘गच्ची काम’ नावाचा ग्रुप निघाला. सुरुवातीला त्यात सचिव, अध्यक्ष, कंत्राटदार आणि त्याचा सुपरवायझर होते. १० फेब्रुवारीला खजिनदार आले, ३ मार्चला वरच्या मजल्यावरच्या एक रहिवासी ताई आल्या. मे महिन्यात काम संपलं आणि ग्रुप शांत झाला.

१ जूनला सचिवांच्या फोनमधली जागा भरली. ‘गच्चीवरचा योग’ नावाचा दुसरा एक ग्रुप व्हिडिओंनी ठासून भरला होता, तो रिकामा करायला त्या गेल्या आणि नावाच्या साधर्म्यामुळे ‘गच्ची काम’वर ‘Clear chat’ दाबलं गेलं. त्या चौकटीत येणाऱ्या खुणांपैकी गॅलरीतली माध्यमंही काढून टाकायची खूण त्यांनी केली होती. ‘Clear chat’मध्ये ग्रुप यादीत तसाच राहतो, फक्त आतला मजकूर जातो. त्यामुळे काही बिनसलंय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. १९ जूनला पावसाच्या पहिल्या जोरदार सरीत वरच्या मजल्याचं छत गळलं, तेव्हा ग्रुप उघडला. आत काहीच नव्हतं.

हव्या होत्या तीन गोष्टी: ठरलेला अंतिम दर आणि लेपाचे थर, हमीची वर्षं, आणि गच्चीवर पाणी साठवून गळती तपासण्याबद्दल कंत्राटदाराने काय कबूल केलं होतं ते.

आधी ‘पुसलं गेलं’ हे नक्की करा

सचिवांनी पहिल्या पाच मिनिटांत जे केलं ते बरोबर होतं. संभाषण यादीतच दिसत नसेल तर ते अर्काइव्हमध्ये किंवा लॉक केलेल्या चॅट्समध्ये असू शकतं. दोन्हींत मजकूर शाबूत असतो. इथे ग्रुप यादीत होता आणि आतून रिकामा होता, म्हणजे ‘Clear chat’च झालं होतं.

दुसरी तपासणी पुष्कळांना सुचत नाही. मुख्य पडद्यावरच्या तीन टिंबांच्या मेन्यूतलं ‘Starred messages’ उघडा. ‘Clear chat’च्या चौकटीत तारांकित संदेश पुसण्यासाठी वेगळी खूण करावी लागते. ती केली नसेल तर तारांकित संदेश वाचतात. सचिवांनी ती खूण केली नव्हती, म्हणून २२ फेब्रुवारीचा एक संदेश उरला: कंत्राटदाराने पाठवलेला चौरस फुटाचा अंतिम दर. तीनपैकी एका गोष्टीचा अर्धा भाग हाती आला. शिवाय तो संदेश मूळ तारीख-वेळेसह त्यांच्याच फोनमध्ये होता, म्हणून पुढच्या जुळवणीत तो पक्का खुंटा ठरला.

‘Undo’ कुठे असतं, कुठे नसतं

व्हॉट्सॲपमधलं ‘Undo’ फार अरुंद आहे. एखादा संदेश निवडून ‘Delete for me’ केलं की पडद्याच्या तळाशी एक पट्टी येते आणि ती साधारण पाच सेकंद टिकते. तेवढ्यात ‘Undo’ दाबलं तर संदेश जागच्या जागी परत येतो. ही सोय २०२२ मध्ये आली, आणि ती एका ठरावीक चुकीसाठी आहे: संदेश सगळ्यांसाठी काढायचा होता, पण घाईत फक्त स्वतःपुरता निघाला. अशा वेळी आधी ‘Undo’ करायचं आणि मग ‘Delete for everyone’ दाबायचं.

‘Delete for everyone’ला उलटी वाट नाही. ‘Clear chat’ आणि ‘Delete chat’लाही नाही. तिथे आधी विचारणारी चौकट येते आणि ॲपच्या दृष्टीने तोच इशारा. म्हणून १ जूनला चूक त्याच क्षणी लक्षात आली असती तरी ‘Undo’ मिळालं नसतं. पण तेव्हा दुसरा मार्ग मोकळा होता, आणि तो नेमका वेळेवर अवलंबून असतो.

बॅकअपची मुदत का टळली

ॲंड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप लिहून ठेवतं. तो या जागी असतो:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

ताज्या फाइलचं नाव `msgstore.db.crypt14` असं असतं (शेवटचा आकडा वेगळा असू शकतो). जुन्या फायलींच्या नावात तारीख असते, उदाहरणार्थ `msgstore-2025-06-01.1.db.crypt14`. साधारण सात दिवसांच्या फायली राहतात, त्याआधीच्या आपोआप जातात. काही फोनांवर दोन-तीनच तारखा सापडतात. गुगल खात्यावरचा बॅकअप तर एकच असतो आणि प्रत्येक नवा बॅकअप जुन्यावरच लिहिला जातो. आयक्लाउडचंही तसंच.

सचिवांनी रविवारी पुसलं आणि १९ तारखेला पाहिलं. मधल्या १८ पहाटांत फोनने रिकाम्या ग्रुपचाच बॅकअप इमानाने पुन्हा पुन्हा घेतला. फोल्डरमधली सर्वांत जुनी तारीख १३ जून होती, म्हणजे एकही फाइल कामाची नव्हती. लॅपटॉपवर जोडलेल्या व्हॉट्सॲपमध्येही काही उरलं नव्हतं, कारण ‘Clear chat’ जोडलेल्या उपकरणांवरही लागू होतं.

सात दिवसांच्या आत लक्षात आलं असतं तर काय करता आलं असतं, ते इथे सांगायला हवं, कारण बहुतेक लोक याच टप्प्यावर चुकतात. सगळ्यांत आधी ‘Chat backup’मध्ये जाऊन गुगलवरचा आपोआप बॅकअप बंद करायचा आणि ‘Back up’ बटणाला हात लावायचा नाही. मग वरचा ‘Databases’ फोल्डर पूर्ण उचलून ‘Download’मध्ये किंवा संगणकावर नकलून ठेवायचा. हे वगळून थेट ॲप काढून टाकलं तर `Android/media/com.whatsapp` हा फोल्डरही ॲपबरोबर जाऊ शकतो, आणि जी फाइल परत आणायची तीच नाहीशी होते. नक्कल ठेवल्यावर ॲप काढायचं, पुन्हा घ्यायचं आणि उघडण्यापूर्वी तोच फोल्डर तयार करून त्यात हव्या तारखेची फाइल ठेवायची. तिचं नाव बदलून `msgstore.db.crypt14` करायचं, पण शेवटचा आकडा मूळ फाइलचाच ठेवायचा. नंबर पडताळताना गुगल खात्याबद्दल विचारलं तर ते टाळायचं. त्यानंतर फोनमधला बॅकअप सापडल्याचा पडदा येतो. त्यावरची तारीख वाचूनच ‘Restore’ दाबायचं. बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावलेली असेल तर तीही लागेल.

या वाटेची किंमत अशी की फोनमधली सगळी संभाषणं त्या जुन्या पहाटेपर्यंत मागे जातात. मधल्या दिवसांचे संदेश वाचवायचे असतील तर आत्ताच्या स्थितीचाही एक ताजा स्थानिक बॅकअप घेऊन तो वेगळा ठेवावा. जुना बॅकअप उघडून हवं ते संभाषण एक्सपोर्ट करावं, म्हणजे मजकूर-फाइल म्हणून बाहेर काढावं, आणि मग ताजा बॅकअप त्याच पद्धतीने परत बसवावा. हा ताजा बॅकअप मात्र जुन्या तारखांच्या फायली बाहेर नकलून ठेवल्यावरच घ्यायचा.

याच टप्प्यावर ‘पुसलेले मेसेज १०० टक्के परत’ अशी जाहिरात करणारी ॲप्स समोर येतात. ती घेऊ नयेत. व्हॉट्सॲपचा डेटाबेस फोनच्या अशा भागात असतो जिथे रूट न केलेल्या फोनवर दुसऱ्या ॲपला शिरता येत नाही. त्यांच्या हाती फार तर नोटिफिकेशन लागतात, तीही ॲप घेतल्यानंतरची. आणि पडताळणीचा सहा अंकी कोड मागणारा माणूस तुमचे मेसेज नव्हे, तुमचं खातं मागत असतो.

कोणाकडे काय आहे याचा तक्ता

बॅकअप संपल्यावर प्रश्न उरला: या ग्रुपच्या आणखी कोणत्या प्रती अस्तित्वात आहेत? सचिवांनी कागदावर नावं मांडली आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या: ग्रुपमध्ये कधी आले, कधी गेले, आणि मधल्या काळात फोन बदलला का. हे विचारल्याशिवाय कोणाकडेही काही मागायला जाऊ नये, कारण ‘माझ्याकडे सगळं आहे’ असं सगळेच मनापासून सांगतात.

खजिनदारांकडे १० फेब्रुवारीपासूनचा मजकूर सलग होता. त्याआधीचा असणं शक्य नव्हतं, कारण ग्रुपमध्ये येण्याआधीचे संदेश नव्या सदस्याला आपोआप मिळत नाहीत. पण त्यांनी माध्यमं आपोआप उतरवण्याची सोय बंद ठेवली होती. त्यामुळे पुष्कळ फोटोंच्या जागी नुसती धूसर चौकट होती. इतक्या महिन्यांनी ती दाबून फोटो येत नाही, कारण तोवर सर्व्हरवरून फाइल गेलेली असते.

अध्यक्ष पहिल्या दिवसापासून ग्रुपमध्ये होते, पण २० एप्रिलला ॲंड्रॉइडवरून आयफोनवर गेले आणि जुना इतिहास सोबत नेला नाही. त्यांच्याकडे त्या दिवसापासूनचं सगळं होतं, फोटोंसकट.

वरच्या मजल्यावरच्या ताई ५ मेला ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि आता मुलीकडे दुबईला आहेत. ग्रुप सोडला म्हणजे संभाषण पुसलं असं होत नाही. यादीतून ग्रुप काढून टाकला नसेल तर बाहेर पडण्याच्या क्षणापर्यंतचं सगळं फोनमध्ये राहतं. त्यांच्याकडे ३ मार्च ते ५ मे हा काळ होता, फोटो आणि व्हॉइस नोट्ससह.

चौथी प्रत अनपेक्षित जागी सापडली. वार्षिक हिशेबासाठी सचिवांनी ३१ मार्चच्या रात्री हाच ग्रुप माध्यमांशिवाय एक्सपोर्ट करून लेखापालांना ईमेल केला होता. ‘Sent’मध्ये `.txt` शोधल्यावर तो पुढे आला. असा जुना एक्सपोर्ट लोकांकडे त्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा असतो. आपल्या ईमेलच्या ‘Sent’मध्ये, गुगल ड्राइव्हमध्ये, फोनच्या ‘Download’मध्ये ‘WhatsApp Chat with’ हे शब्द आणि आयफोनवरून केलेल्या एक्सपोर्टसाठी `_chat.txt` हे नाव शोधून पाहावं.

कंत्राटदार आणि सुपरवायझरकडे पूर्ण प्रती होत्या, पण त्या मागायच्या नाहीत असं ठरलं. वाद होण्याची शक्यता असलेल्या बाजूची प्रत ही शेवटची पायरी असते. आपल्याकडे काही नाही हे त्यांना कळवण्यात तोटाच आहे. मात्र त्यांनी पाठवलेले जुने संदेश ते इतरांच्या फोनमधून पुसू शकत नाहीत. ‘Delete for everyone’ पाठवल्यापासून साधारण दोन दिवसांपर्यंतच चालतं. (ॲडमिनला दुसऱ्यांचेही संदेश काढता येतात, म्हणून कंत्राटदार ॲडमिन आहे का, तेही पाहिलं. नव्हता.)

मागायचं कसं

विनंती त्याच ग्रुपमध्ये करायची नव्हती, हे उघड आहे. प्रत्येकाला वेगळा संदेश गेला. खजिनदारांना पाठवलेला असा:

“काका, एक विनंती. ‘गच्ची काम’ ग्रुपमधलं काहीही सध्या पुसू नका आणि फोन बदलू नका. ग्रुप उघडून वरची तीन टिंबं, मग More, मग Export chat दाबा. Include media निवडा आणि आलेली फाइल तुमच्या गुगल ड्राइव्हवर टाकून मला लिंक द्या. फॉरवर्ड किंवा स्क्रीनशॉट नकोत, ही एकच फाइल हवी आहे. अडलं तर मी संध्याकाळी घरी येते.”

आयफोनवर रस्ता वेगळा आहे: ग्रुपच्या नावावर दाबायचं आणि माहितीच्या पानाच्या तळाशी ‘Export Chat’ शोधायचं. ‘Export chat’ चालतच नसेल तर ग्रुपच्या माहितीत ‘Advanced chat privacy’ पाहायची. २०२५ मध्ये आलेली ही सोय चालू असेल तर सगळ्यांचंच एक्सपोर्ट अडतं. ती आधी बंद करावी लागते. एक्सपोर्टला संख्येचीही मर्यादा आहे: माध्यमांसह सर्वांत अलीकडचे १०,००० संदेश, माध्यमांशिवाय ४०,०००. ‘गच्ची काम’ त्याच्या कितीतरी आत होता. पण रोज शेकड्याने संदेश येणाऱ्या ग्रुपमध्ये माध्यमांसह एक्सपोर्ट केलं तर सुरुवातीचे महिने गपचूप गळून पडतात. अशा वेळी दोनदा एक्सपोर्ट करावं, एकदा माध्यमांशिवाय आणि एकदा माध्यमांसह.

फॉरवर्ड नकोत हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. दुबईच्या ताईंनी विनंती वाचण्याआधीच मदतीच्या भावनेने बरेचसे संदेश सचिवांना फॉरवर्ड केले. प्रत्येकावर पाठवणाऱ्या म्हणून त्यांचंच नाव आणि वेळ त्या संध्याकाळची. मूळ कोणी लिहिलं, कधी लिहिलं, हे दोन्ही त्यातून निघून गेलं होतं. काय शोधायचं याची खूण म्हणून ते उपयोगी पडले, पुरावा म्हणून नाही.

आलेल्या फायली वाचताना

प्रत्येक फाइलची पहिली ओळ आधी पाहायची, कारण प्रत कुठून सुरू होते हे ती सांगते. खजिनदारांच्या फाइलच्या सुरुवातीलाच ‘added you’ असलेली १० फेब्रुवारीची ओळ होती, म्हणजे त्यांच्या प्रतीची सुरुवात जागेवर होती. अशी सुरुवातीची ओळ नसेल आणि फाइल एखाद्या चर्चेच्या मध्यातूनच सुरू होत असेल तर त्या माणसाने कधीतरी पुसलं आहे किंवा फोन बदलला आहे. अध्यक्षांची फाइल तशीच सुरू होत होती आणि त्यांनी सांगितलेल्या २० एप्रिलशी ते जुळलं.

मग एकच संदेश दोन फायलींत कसा दिसतो ते पाहा:

```
24/04/25, 7:52 pm - गच्ची कंत्राटदार: उद्या तिसरा थर मारतो
[24/04/25, 7:52:11 PM] Contractor Terrace: उद्या तिसरा थर मारतो
```

पहिली ओळ ॲंड्रॉइडची, दुसरी आयफोनची. नावं वेगळी आहेत, कारण एक्सपोर्टमध्ये माणसाचं नाव ज्याच्या फोनमधून फाइल निघाली त्याने जसं सेव्ह केलं असेल तसं येतं. सेव्हच केलं नसेल तर नुसता नंबर. तेव्हा पहिलं काम म्हणजे प्रत्येक फाइलच्या कामाच्या नकलेत ही नावं एकसारखी करणं. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

यानंतर तीन ठिकाणी गडबड झाली, आणि तिन्ही नेहमीच्याच आहेत.

पहिली वेळेची. ताईंच्या फाइलमधला प्रत्येक संदेश खजिनदारांच्या फाइलपेक्षा दीड तास आधीचा दिसत होता. कोणी काही बदललं नव्हतं. एक्सपोर्टमध्ये वेळ त्या फोनवर आत्ता चालू असलेल्या प्रमाणवेळेनुसार छापली जाते, आणि दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. संदेश मार्चमध्ये ठाण्यात वाचला होता याने काही फरक पडत नाही. ताईंच्या सगळ्या वेळांत दीड तास मिळवला. रात्री बारानंतर दीडच्या आत आलेल्या संदेशांची तारीखही त्यामुळे एक दिवस पुढे सरकली. नुसती वेळ बदलून तारीख तशीच ठेवली असती तर ते संदेश भलत्या दिवशी जाऊन पडले असते.

दुसरी ओळींची. एखाद्याने एकाच संदेशात चार ओळी लिहिल्या असतील तर फाइलमध्ये पहिल्याच ओळीला तारीख असते, उरलेल्या तीन उघड्या. फाइल थेट स्प्रेडशीटमध्ये टाकून तारखेने लावली की या उघड्या ओळी आपल्या संदेशापासून तुटून शीटच्या एका टोकाला जाऊन बसतात. कंत्राटदाराचं अंतिम दरपत्रक नेमकं असंच लांबलचक होतं. उपाय साधा आहे: लावण्याआधी तारखेने सुरू न होणारी प्रत्येक ओळ वरच्या ओळीला जोडून घ्यायची.

तिसरी डोळ्यांना न दिसणारी. दोन फायलींतल्या तंतोतंत सारख्या ओळी स्प्रेडशीट वेगळ्या ठरवत होतं. कारण `7:52` आणि `pm` यांच्यामधली मोकळी जागा. काही फोनांवर तिथे साधी स्पेस नसते, U+202F हे अरुंद, न तुटणाऱ्या जागेचं चिन्ह असतं. फाइलमधूनच ती जागा नकलून ‘Find and replace’मध्ये टाकायची आणि तिच्या जागी साधी स्पेस द्यायची. एवढं केल्यावर ओळी जुळायला लागल्या.

तारखेच्या क्रमाचा प्रश्न या प्रकरणात आला नाही, पण तो येतो. अमेरिकी मांडणी असलेल्या फोनमधून निघालेल्या फाइलमध्ये आधी महिना असतो. फाइलभर दुसरा आकडा कुठे बारापेक्षा मोठा दिसला तर तो दिवस आहे असं समजायचं.

दुहेरी काळाची जुळवणी

लेखापालांकडची फाइल १४ जानेवारी ते ३१ मार्च, खजिनदारांची १० फेब्रुवारी ते १९ जून. म्हणजे १० फेब्रुवारी ते ३१ मार्च हा काळ दोन्हींत होता. असा दुहेरी काळ सोन्यासारखा असतो, कारण दोन वेगवेगळ्या फोनांतून, वेगवेगळ्या दिवशी निघालेल्या फायली एकमेकींची साक्ष देतात. दोघांच्या ओळी शेजारी मांडून जिथे जुळत नाहीत तेवढ्याच वेगळ्या काढल्या.

बहुतेक फरक निरुपद्रवी होते. खजिनदारांनी शुभेच्छांचे संदेश आपल्यापुरते पुसले होते, म्हणून ते त्यांच्या फाइलमध्ये नव्हते. २२ फेब्रुवारीचा दर दोन्हींत होता आणि सचिवांच्या तारांकित संदेशाशी अक्षरशः जुळला. एक फरक मात्र वेगळा होता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला दुपारी १:१८ च्या जागी खजिनदारांच्या फाइलमध्ये एवढंच होतं:

```
31/03/25, 1:18 pm - गच्ची कंत्राटदार: This message was deleted
```

लेखापालांच्या फाइलमध्ये त्याच मिनिटाला संदेश पूर्ण होता: काम झाल्यावर गच्चीवर ४८ तास पाणी साठवून गळती तपासू, त्यानंतरच शेवटचं बिल द्या. कंत्राटदाराने हा संदेश १ एप्रिलला सगळ्यांसाठी काढला होता. सचिवांनी एक्सपोर्ट ३१ मार्चच्या रात्रीच केला असल्याने तो त्या फाइलमध्ये गोठून राहिला.

एक्सपोर्ट बाकी सगळ्या प्रतींपेक्षा वेगळा ठरतो तो इथे. फोनांतल्या प्रती जिवंत असतात. पाठवणाऱ्याने मुदतीत संदेश मागे घेतला की त्या सगळ्यांमधून तो जातो आणि कोणत्याही सदस्याकडे मागून उपयोग नसतो. निघालेल्या मजकूर-फाइलपर्यंत ते पोचत नाही. असा जुना एक्सपोर्ट नसेल तर शेवटची जागा म्हणजे त्या संदेशाला दिलेली उत्तरं. कोणी मूळ संदेश उद्धृत करून उत्तर दिलं असेल तर त्या उत्तराच्या चौकटीत मूळ मजकुराचा काही भाग अनेकदा तसाच दिसतो. ते ज्याच्या फोनमध्ये आहे तिथेच उघडून पाहावं लागतं, कारण एक्सपोर्टमध्ये उद्धृत भाग येत नाही.

हमीचा शोध फोटो-आवाजाच्या फायलींत लागला. मजकुरात १६ एप्रिलला नुसतं `<Media omitted>` होतं. ताईंच्या झिप फाइलमध्ये त्या दिवसाची `PTT-20250416-WA0003.opus` ही व्हॉइस नोट होती. नावातच तारीख असते: PTT म्हणजे व्हॉइस नोट, IMG म्हणजे फोटो, WA नंतरचा आकडा त्या दिवसातला क्रम. हा क्रम प्रत्येक फोनमध्ये वेगळा पडतो, तेव्हा दोन फोनांतल्या फायली जुळवताना तारीख धरायची, क्रम नाही. नोटमध्ये कंत्राटदार हमी सात वर्षांची असल्याचं सांगत होता. खजिनदारांच्या फोनमध्ये त्याच जागी न उतरवलेली चौकट होती.

काय मिळालं नाही

१४ जानेवारी ते ९ फेब्रुवारीचा मजकूर फक्त एकाच फाइलमध्ये आहे. तो ताडून पाहायला दुसरी फाइल नाही. त्या काळातले फोटो तर कुठेच नाहीत: एक्सपोर्ट माध्यमांशिवाय होता, अध्यक्षांचा जुना फोन विकला गेला होता, आणि सचिवांच्या गॅलरीतले फोटो ‘Clear chat’बरोबर गेले. त्यांच्या गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपचा फोल्डर बॅकअपला निवडलेला नव्हता. फक्त पहिलं दरपत्रक वेगळ्या ईमेलमधून पीडीएफ म्हणून मिळालं. १० फेब्रुवारी ते २ मार्चचेही बहुतेक फोटो खजिनदारांच्या धूसर चौकटींपलीकडे गेले नाहीत.

आणि जुळवलेलं संभाषण सचिवांच्या व्हॉट्सॲपमध्ये परत गेलं नाही. एक्सपोर्ट केलेली फाइल व्हॉट्सॲपमध्ये पुन्हा भरता येत नाही. ती वाचायची फाइल आहे. (टेलिग्राम २०२१ पासून व्हॉट्सॲपचा एक्सपोर्ट आपल्या चॅटमध्ये घेऊ शकतं, पण तिथे ते आयात केलेलं म्हणूनच दिसतं.)

हेच टेलिग्रामवर झालं असतं तर

हिशेब बदलला असता. टेलिग्राममध्ये चॅट पुसलं की तळाशी काही सेकंदांची ‘Undo’ पट्टी पूर्ण चॅटसाठीही येते. जागीच लक्षात आलं तर तेवढ्यात सुटका आहे. पण तिथे संभाषण क्लाउडवर असतं, म्हणून फोन-लॅपटॉपवर सगळीकडून एकदम जातं आणि व्हॉट्सॲपसारखे रोजचे स्थानिक बॅकअप नसतात. दोघांतल्या संवादात पुसणाऱ्याने समोरच्यासाठीही पुसायची खूण केली तर संदेश कितीही जुना असो, दुसऱ्याची प्रतही जाते. मोठ्या ग्रुपमध्ये सगळे एकच सामायिक इतिहास पाहत असतात, तेव्हा ‘दुसऱ्या सदस्याकडची प्रत’ ही कल्पनाच लंगडी पडते. तिथे ॲडमिनला ‘Recent actions’मध्ये गेल्या ४८ तासांत काढलेले संदेश दिसतात, ती एक मोलाची खिडकी आहे. एक्सपोर्ट फोनवरून होत नाही. संगणकावरच्या टेलिग्राम डेस्कटॉपमध्ये चॅटच्या तीन टिंबांतून ‘Export chat history’ घ्यायचं, आणि तोवर पुसलेलं त्यात येत नाही.

फायली जपताना

मजकूर-फाइल कोणीही नोटपॅडमध्ये उघडून बदलू शकतो, आणि समोरचा वकील हे पहिल्याच तारखेला म्हणेल. म्हणून चारही मूळ फायली जशा आल्या तशा एका पेनड्राइव्हवर आणि एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये ठेवल्या आणि प्रत्येकीचा हॅश, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारी तिची खूण, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर काढून ठेवला:

```
certutil -hashfile treasurer.zip SHA256
```

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश लिहायचा रकाना आहे. जुळवून, नावं एकसारखी करून केलेली फाइल फक्त स्वतःला वाचायला असते. ती कुठेही सादर करायची नाही.

फाइलपेक्षा मोठा आधार म्हणजे ज्या फोनात तो संदेश अजून आहे तो फोन. खजिनदारांनी दराचा आणि थरांचा संदेश तारांकित केला. ताईंनी दुबईत १६ एप्रिलची व्हॉइस नोट तारांकित केली आणि ग्रुप यादीतून काढायचा नाही असं कबूल केलं. ३१ मार्चच्या संदेशासाठी असा फोन कुठेच नाही. म्हणून लेखापालांना गेलेला मूळ ईमेल, जोडलेल्या फाइलसह आणि पाठवल्याच्या तारखेसह, दोन्ही खात्यांत जसाच्या तसा ठेवला आहे. त्याचं दुसऱ्याला फॉरवर्ड करणंही टाळलं आहे.